काशीराम आचारी आणि त्याची साखरेची वही

कापडे गावचा काशीराम आचारी म्हंजे पोलादपूरपासून महाडपावतर लग्नाघरांत ठाऊक असलेला माणूस. लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी तारीख धरायचा, मग काशीरामाला धरायचा. हाताला चव अशी की मसालेभात संपला म्हणून रुसून गेलेले व्याही लोकांनी बघितलेत. आणि अंगानं कसा, तर एकशे अडतीस किलो. भट्टीपुढं बसायला त्याला पाट पुरत नसे, तेलाचा रिकामा डबा उपडा घालून बसायचा. तो डबाही दोन लग्नांत चेपायचा.

पुढं गुडघे गेले. झोपेत श्वास अडकायला लागला. बायको आवडी रात्रभर त्याच्या घोरण्याकडं कान लावून पडायची. घोरणं थांबलं की उठून हलवायची. तिचा भाऊ मुंबईला इस्पितळात कामाला, त्यानं सांगितलं, वजन उतरवायचं ऑपरेशन निघालंय. पोट लहान करतात आन् खालच्या आतड्याला जोडून देतात. काशीराम म्हणाला, "आचाऱ्याचं पोट कापता? मग ऱ्हायलं काय?" पण गुडघ्यांनी त्याला तयार केलं. दोन हजार चारच्या दिवाळीत ऑपरेशन झालं.

दीड वर्षात माणूस ब्याऐंशी किलोवर आला. गुडघे चालायला लागले, घोरणं गेलं. गावातली पोरं विचारायची, "काशीरामकाका, अर्धे कुठं ठेवून आलात?" तो म्हणायचा, "मुंबईला ठेवलाय. भाडं घेतोय त्याचं." पयल्या वर्षात गोड पोटात गेलं की कळ यायची, धडधडायचं, म्हणून गोडाला शिवायचाच नाय. मग हळूहळू सोसायला लागलं. सगळं बरं झालं असं आवडीनं मनाशी धरलं.

दोन हजार सातचा माघ. पोलादपुरात लग्न होतं. दोन पंगती उठलेल्या, तिसरी बसायची. काशीराम जिलबीच्या कढईपुढं उभा. त्याच्याबरोबर भिकाजी. हा भिकाजी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, पण जल्मभर त्याच्या हाताखाली काम केलेला. त्यानं बघितलं, काशीरामाच्या कपाळावरनं घाम ठिबकतोय. भट्टीपुढं घाम येतोच, पण हा घाम गार होता. हात थरथरत होते. जिलबीच्या जागी नुसतंच पीठ पडत होतं.

"काय रे काशीराम, काय करतोस?"

"मीठ दे," काशीराम म्हणाला.

"जिलबीत मीठ?"

"दे म्हणतो ना!" आन् तो कढईवर पुढं झुकला. भिकाजीनं मागनं सदरा धरला, तो टरकन फाटला, मग कमरेला मिठी मारून ओढला. दोघं जळणाच्या ढिगावर पडले. कुणीतरी लोटाभर साखरपाणी पाजलं. पाच-दहा मिनिटांत काशीराम उठून बसला आन् विचारतो काय, "माझा सदरा कुणी फाडला?"

लोक हसले. पण दोन तासांनी, भांडी आवरताना, तेच परत. गार घाम, थरथर, तोंडात शब्द अडकलेले. पुन्हा साखरपाणी पाजलं.

पंधरा दिवसांत महाडच्या एका लग्नात तसंच झालं. मग बोलणं पसरलं. कुणी म्हणालं फीट येते, कुणी म्हणालं ऑपरेशनात शीर तुटली. एका मुलीच्या बापानं येऊन गोड बोलून तारीख सोडवून घेतली. म्हणाला, "उकळत्या तेलापाशी माणूस पडला तर माझ्या मांडवाला काळिमा." खरंच होतं ते.

आवडीनं मात्र सरळ सांगितलं. "भट्टीपाशी परत गेलात तर मी माहेरी जाते."

"तुझं माहेर गल्लीच्या टोकाला हाय गो."

"हाय, म्हणूनच सांगते. दिसत ऱ्हाईन रोज, पण येणार नाय."

काशीराम हसला नाय. त्याला दुसरं कायच येत नव्हतं. दहाव्या वर्षापासून चुलीपुढं वाढलेला माणूस. भट्टी सुटली तर तो कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

महाडात चवदार तळ्याच्या अंगाला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. सुमेधाबाई त्यांचं नाव, वयानं पस्तिशीच्या, बोलणं शांत. त्यांनी बोट टोचून साखर बघितली, ब्याण्णव. छातीचा कार्डिओग्राम काढला, ठीक. दाब ठीक.

"आत्ता सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण जे होतं ते त्या वेळी पकडायला हवं. हे यंत्र घरी न्या. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी बघा, आणि घाम-थरथर वाटली की लगेच, काही पाजायच्या आधी बघा. आकडा, वेळ आणि खाल्लेलं, तिन्ही वहीत लिहायचं. साखर बघून झाली की मगच ग्लुकोज, तेही तीन चमचे. लोटाभर नाही."

"आन् भट्टी?"

"वही होईपर्यंत तेलाजवळ उभं राहायचं नाही. बाजूला खुर्ची टाका आणि तिथून सांगा."

आवडी चौथी शिकलेली. तिनं शाळेची वही घेऊन रेघा मारल्या. सकाळचं जेवण, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, असे रकाने. बाजूला आकड्याचा रकाना. काशीराम इमानदारीनं बोट टोचून आकडा सांगायचा, ती लिहायची. लग्नाला गेला की भिकाजीकडनं लिहून आणायचा. खुर्चीवर बसून हुकूम सोडायचा आन् भिकाजी कढई संभाळायचा. जिलब्या वाकड्या निघाल्या, पण निघाल्या.

पंधरा दिवसांनी दोघं नवरा-बायको वही घेऊन गेले. सुमेधाबाईंनी लाल पेन काढलं. एक पान बघितलं, दुसरं बघितलं, आन् त्यांचं तोंड गंभीर झालं.

"हा बुधवार. सकाळी सात वाजता भाकरी आणि अंडं. मग दुपारी एक चाळीसला शेहेचाळीस आकडा, घाम, थरथर. मधे काहीच नाही?"

"नाय बाई. लग्न होतं. शेवटची पंगत उठल्याबिगर आचारी जेवत नाय. माझ्या बापानं कधी नाय जेवलं, मी कधी नाय."

"म्हणजे जवळजवळ सात तास उपाशी, मग शेहेचाळीस. आणि हा रविवार, तसंच, एकावन्न." त्यांनी दोन्ही आकड्यांना लाल गोल केला. "काशीरामभाऊ, ऑपरेशननंतर साखर उतरते ती बहुतेक खाल्ल्यावर दीड-दोन, फार तर तीन तासांनी. तास न् तास उपाशी राहून उतरत असेल तर मला दुसरी शंका घ्यावी लागते. स्वादुपिंडात बारीक गाठ असू शकते, ती विनाकारण इन्सुलिन सोडत राहते. ते बघायला मुंबईला भरती व्हावं लागेल. तीन दिवसांपर्यंत उपाशी ठेवून रक्त तपासतात. गाठ निघाली तर ऑपरेशन."

"परत ऑपरेशन?" काशीरामानं विचारलं. "आन् तवर भट्टी?"

"तोवर नाहीच."

आवडीनं पदर तोंडाला लावला. काशीराम भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत बसला. अक्षय तृतीयेचं लग्न त्यानं महाडात धरलेलं होतं, सातशे पानांचं. दोन महिने नव्हते राह्यले.

सुमेधाबाई काय पुढं लिहीनात. पानं मागं-पुढं उलटत ऱ्हायल्या. सकाळच्या आकड्यांवर बोट फिरवलं. शहाऐंशी, नव्वद, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. मग एका पानावर थांबल्या.

"हा सोमवार कसला?"

आवडीनं वाकून बघितलं. "ते तालुक्याला गेले होते दाखल्यासाठी. साहेब जागेवर नव्हता. सकाळी सातला भाकरी खाऊन गेले ते तीनला आले. पाणी सोडून कायबी नाय पोटात. आल्यावर बोट टोचलं, तर पंच्याऐंशी."

"आठ तास उपाशी, आणि पंच्याऐंशी. काही झालं नाही?"

"भूक लागली होती. साहेबाला शिव्या देत होते तेवढंच."

सुमेधाबाईंनी बुधवारचं पान आन् सोमवारचं पान शेजारी धरलं. "तेच शरीर, तीच सकाळची भाकरी. तालुक्याला आठ तास उपाशी राहिलात तर पंच्याऐंशी, आणि लग्नात सात तासांत शेहेचाळीस. पंधरा दिवसांत साखर उतरली ती सगळी लग्नाच्या दिवशीच. काशीरामभाऊ, लग्नात तुमच्या पोटात काय जातं?"

"सांगितलं ना बाई, कायच नाय. पंगत उठेपर्यंत—"

"चव नाही बघत?" आवडी मधेच बोलली.

काशीरामानं तिच्याकडं असं बघितलं की जशी तिनं परक्यापुढं घरची गोष्ट काढली. "चव बघणं म्हंजे खाणं काय? आचाऱ्यानं चव बघितली नाय तर बघायची कुणी, भटानं? देवाच्या निवदाचं आधी बाजूला काढतो, मग जिभेवर ठेवतो. बोटभर."

"बोटभर किती?" सुमेधाबाईंनी विचारलं.

"बोटभर म्हंजे बोटभर."

बाईंनी वाद घातला नाय. फाल्गुनातलं एक लग्न होळीच्या आधी होतं, ते त्यांनी धरलं. "त्या दिवशीही खुर्चीवरच बसायचं. चव नेहमीसारखी बघायची, कमी नाही, जास्त नाही. पण भिकाजींना एक रिकामं पातेलं द्या. तुम्ही जे जे जिभेवर ठेवाल, तेवढंच त्यांनी त्या पातेल्यात टाकायचं. आणि पहिली चव घेतली की दर तासाला बोट टोचायचं. पन्नासाच्या आसपास आलं की तीन चमचे ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, चढलं की मूठभर चणे. आकडा चढला नाही किंवा बोलणं अडखळलं, तर सरळ रिक्षा करून माझ्याकडे."

लग्नाच्या दिवशी भिकाजीला फार मजा आली. जल्मभर काशीरामाचे हुकूम ऐकलेला माणूस, आज त्याच्यावर नजर ठेवायची ड्युटी. काशीरामानं पन्ह्याचा अर्धा पेला घेतला, गूळ कमी पडला म्हणाला, गूळ घालून उरलेला अर्धा घेतला. भिकाजीनं एक पेला पातेल्यात ओतला.

"एवढं कुठं घेतलं रे मी?"

"दोन अर्धे म्हंजे किती होतात? तू शाळेत नाय गेलास ते दिसतंय."

बासुंदी आटत होती. एक पळी वेलची टाकायच्या आधी, एक वेलची टाकल्यावर, एक गार झाल्यावर. मग पहिल्या घाण्याची जिलबी, कुरकुरीत झाली का म्हणून. दुसऱ्या घाण्याची, पाक मुरला का म्हणून. तिसऱ्या घाण्याची दीड, कारण भिकाजीच्या हाताचा भरवसा नव्हता.

"जाग्यावर बस, पण तोंड चालू," भिकाजी म्हणाला आन् दीड जिलबी पातेल्यात टाकली.

अकराला ब्याण्णव होता आकडा. बाराला दोनशे अठरा. काशीराम खूश झाला. "बघ, वाढली! साखर कमी व्हायचा रोग नाय मला." एक वाजता एकशे बारा. पावणेदोनला पाठीतनं गार घाम सुटला. बोट टोचलं, एकोणपन्नास. भिकाजीनं तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून दिलं. पंधरा मिनिटांनी ऐंशी. मग चणे. त्या दिवशी कुणी लोटाभर साखरपाणी पाजलं नाय, आन् संध्याकाळी परत थरथर आली नाय. भिकाजीनं हे सगळं वाकड्यातिकड्या अक्षरात वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात टेबलावर वही ठेवली, आन् वहीशेजारी पातेलं. पन्ह्यानं बासुंदी फाटलेली, त्यात जिलब्या फुगून वर आलेल्या. सुमेधाबाईंनी आत बघितलं. मग काशीरामाकडं बघितलं.

"ही बोटभर?"

काशीरामानं पातेल्यातल्या जिलब्या मोजल्या, साडेतीन. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्याचं पान मापानं वाढलं होतं. आपलं माप त्यानं कधी बघितलंच नव्हतं. खरोखरच त्याला वाटत होतं की तो कायबी खात नाय.

"यात गाठ-बिठ काही दिसत नाही मला," बाई म्हणाल्या. "मुंबईच्या सर्जनांशी मी फोनवर बोलले, त्यांनाही हेच वाटतं. बघा. पूर्वी तुमचं पोट म्हणजे मोठं पातेलं. खाल्लेलं तिथं थांबायचं, हळूहळू पुढं जायचं. आता ते वाटीएवढं आणि सरळ आतड्याला जोडलेलं. गोड, आणि त्यातून पातळ गोड, थांबतच नाही. तासाभरात साखर दोनशेच्या वर. मग शरीर इन्सुलिन सोडतं, गरजेपेक्षा जास्त. गोड संपून जातं, इन्सुलिनचं काम चालूच राहतं. दोन-अडीच तासांत साखर धाडकन खाली."

काशीराम म्हणाला, "म्हंजे जळण ओढून घेतलं तरी तापलेलं तेल तळतच ऱ्हातं. तसं."

"अगदी तसं. आणि तुम्ही काय करत होता? लोटाभर साखरपाणी. म्हणजे परत जळण."

"म्हणून दोन तासांनी परत पडलो मी!"

"म्हणून. ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी सुरू होतं हे बऱ्याच जणांना."

मग त्यांनी सांगितलं तसं आवडीनं लिहून घेतलं. दिवसात सहा वेळा थोडं थोडं. आधी उसळ, अंडं, मासा, दही, मग भाकरी अर्धी किंवा भात मूठभर. जेवताना पाणी नाय, अर्ध्या तासानं. चहा बिनसाखरेचा. पन्हं, सरबत, बासुंदी, जिलबी बंद. एवढ्यानं जमलं नाय तर पहिल्या घासाबरोबर घ्यायची एक गोळी असते, ती बघू. सकाळची उपाशीपोटीची साखर कधी खाली आली तर मात्र लगेच यायचं, मग मुंबई.

"आणि वहीत जेवणाचे रकाने नकोत," बाई म्हणाल्या. "तोंडात गेलं ते सगळं लिहायचं. चव, घोट, तुकडा. वेळेसकट. महिनाभर एकदाही उतरली नाही तर भट्टीचं बघू."

चैत्रात लग्नं नसतात, महिना आयताच मिळाला. आवडीनं नवी वही केली, एकच रकाना, "तोंडात गेलेलं". काशीराम पयल्यांदा चिडायचा. शेंगदाणे चार खाल्ले तरी लिहायचं? ती म्हणायची, "चार नाय, अकरा होते. मोजलेत मी."

पंधरा दिवस आकडे सरळ. मग एका दुपारी सत्तावन्न. तीन चमचे ग्लुकोज, चणे, सगळं सांगितल्यापरमाणं झालं. मग तिनं वही काढली. दोन तासांपूर्वी काय? तिच्याच घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बायका गेल्यावर उरलेलं पन्हं तिनंच नवऱ्याच्या हातात दिलं होतं, वाया जाईल म्हणून. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, "पन्हं एक पेला, मी दिलं."

सुमेधाबाईंनी ते पान बघितलं तर रागावल्या नायत. "ही वही आता खरं बोलते," म्हणाल्या. "का उतरली ते कळायला मला पातेलं नको. मात्र महिना आजपासून परत मोजायचा."

अक्षय तृतीया महिन्याच्या आत येत होती. काशीरामानं बाईंच्या हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. बाई हलल्या नायत. शेवटी असं ठरलं की त्या लग्नात तेलाची कढई भिकाजीकडं, काशीरामानं भात-भाजी बघायची, दर दोन तासांनी बोट टोचायचं. गोडाची चव आवडीनं बघायची, कारण भिकाजीची जीभ तंबाखूनं गेलेली. त्याला बासुंदी आन् ताक यांत फरक कळायचा तो रंगावरून.

अक्षय तृतीयेला महाडात मांडव सातशे पानांचा. बरोब्बर दहा वाजता काशीरामानं घरचा डबा उघडला. मुगाची उसळ, दही, नाचणीची अर्धी भाकरी. भट्टीपासून दोन हात लांब, सगळ्यांसमोर मांडी घालून बसला. निवद अजून जायचा होता. बापाच्या काळापासून आचाऱ्यानं पंगतीच्या आधी घास घेतलेला कुणी बघितला नव्हता. भांडी घासणाऱ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

नवरीची आजी सुंदराबाई काठी टेकत आली. "काय हो आचारी, पाव्हण्यांच्या आधी तुम्हीच? माझ्या नातीच्या लग्नात ही नवी रीत?"

काशीराम पूर्वीचा असता तर डबा झाकून उठला असता. त्यानं घास चावून संपवला, सावकाश, बाईंनी सांगितला तसा.

"आजी, हे घरचं हाय, तुमच्या भांड्यातलं नाय. मी आता जेवलो नाय तर भुकेपोटी जिलबीला हात जाईल, आन् एक वाजता आडवा पडेन. मग तुमचा मसालेभात भिकाजी करील."

सुंदराबाईनं भिकाजीकडं बघितलं. भिकाजी त्याच वेळी झाऱ्यानं पाठ खाजवत होता.

"जेव बाबा, जेव," ती म्हणाली. "पाट देऊ का?"

"पाट नको. वेळ सांगा फक्त, वहीत लिहायचीय."

"दहा वाजून पाच," आजीनं मांडवातल्या घड्याळाकडं बघून सांगितलं. आवडीनं बासुंदीची पळी खाली ठेवली, हात पुसले आन् वहीत लिहिलं. दुपारी एक वाजता त्याचा आकडा आला शंभराला चार वर. तेव्हा तो मसालेभाताखालचं जळण ओढून घेत होता आन् तिसऱ्या पंगतीला किती पानं म्हणून ओरडून विचारत होता.